बाहेरून न उघडणारं दार

डॅरिल क्विगली गॅरेजचे दरवाजे विकतो. आमच्या सुपीरियर गावात निम्म्या घरांना त्यानेच बसवलेली दारं आहेत, बटण दाबलं की कुरकुरत वर जाणारी. ज्याचं पोट दारांवर भरतं त्याला दार कुठे असावं याची एवढीही अक्कल नसावी, याचं मला आजही नवल वाटतं.

मी आर्डिस पेलिनेन. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवते. हे सांगायचं कारण एवढंच की रस्त्यांमधलं मला कळतं. चांगला फेरा कसा असतो, तर जिथून निघालात तिथे दुसऱ्या रस्त्याने परत येता, मधे दोन-तीन ठिकाणी एका आळीतून दुसऱ्या आळीत घुसता येतं, आणि एखादं झाड आडवं पडलं तर वळसा घालायला जागा असते. बंद गल्लीत शिरलं की तेवढाच रस्ता उलटा मोजत बाहेर या. बंद गल्लीत घर बांधणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि बंद गल्लीसारखं भुयार काढणाऱ्यांबद्दल तर विचारूच नका.

आमचं भुयार म्हणजे खेळातलं. बोलिंगच्या हॉलमागे एक खोली आहे, तिथे आम्ही दर रविवारी दुपारी जमतो. एक जण पुठ्ठ्याच्या आडोशामागे नकाशा लपवून बसतो. तो सूत्रधार. बाकीचे त्या भुयारात उतरतात, आपण काय करतो ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. भुयारातली एक चौकट म्हणजे दहा फूट. पलीकडच्या हॉलमध्ये चेंडू लागून लाकडी पिना धडाधड पडत असतात, त्यामुळे आमच्या राक्षसांना वेगळा आवाज द्यावा लागत नाही.

या आडोशामागे इतकी वर्षं ऑरिन बेस्के बसत. त्यांचं एकच भुयार होतं, जुन्या दारूभट्टीखालचं, आणि ते अजून संपलेलं नव्हतं. ग्राफ पेपरचे ताव एकमेकांना चिकटवून त्यांनी ते वाढवत नेलं होतं. पूर्ण उलगडलं तर टेबलावरून दोन्ही बाजूंनी खाली लोंबायचं. त्यात कुठेही गेलात तरी निदान दोन वाटा असत. पहारेकऱ्यांना समोरून भिडायचं नसेल तर धान्याच्या कोठारातून मागे जा. पहारेकरीही तेवढेच शहाणे, तुम्ही पुढे लढत बसलात की दोघं जण कोठारातून तुमच्या मागे येत. खोलवर पोचल्यावर एखादा जिना सापडे, वरच्या कुलूपबंद दाराशी निघणारा. एकदा आतून कडी काढली की पुढच्या रविवारी तोच जिना तुमचा. चोरदारं होती, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडत नसे. सापडलं तर फायदा, नाही सापडलं तर चालत राहा. आम्ही त्या भुयारात राहायचो म्हणा ना. मला तिथली वळणं माझ्या बहिणीच्या घरापेक्षा जास्त पाठ होती.

तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी ऑरिननी फासे गोळा करता करता सांगितलं, "मी वसंतात टूसॉनला जातोय. लेकीकडे, उन्हात. आता हा बर्फ गुडघ्यांना झेपत नाही."

रुथॅन सोब्झाकने पेन्सिल खाली ठेवली. शाळेच्या कँटीनमध्ये तीस-एक वर्षं वाढपाचं काम केलेली बाई, कधी घाबरत नाही, पण तिचाही चेहरा उतरला. रुथॅन आमची नकाशेवाली. सूत्रधार सांगेल तसं भुयार ती आपल्या कागदावर उतरवते.

"मग भुयाराचं काय?" माइल्स ऑयेनने विचारलं. हा ट्रक दुरुस्त करतो आणि खेळात चोर असतो. दोन्हीकडे हात काळेच.

"कुणाला तरी देईन," ऑरिन म्हणाले. "नकाशा, आडोसा, सगळं. ज्याला चालवता येईल त्याला."

मी पुढे सरकून बसलेच. मला ते हवं होतं. आयुष्यात फारशा गोष्टी मी मागितल्या नाहीत, पण तो चिकटवलेला कागद मला हवा होता, आणि तो माझाच होता असं मी धरूनच चालले होते. तेवढ्यात डॅरिल म्हणाला, "मला आवडेल चालवायला." इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंपनीचं पेन. मी हसले. खरंच मोठ्याने हसले.

ऑरिन हसले नाहीत. म्हणाले, "एकेक मजला काढा दोघंही. भट्टीच्या विहिरीतून खाली उतरायचं, बुडालेल्या चर्चमधली पितळी घंटा वर आणायची. एक रविवार त्याचा, एक आर्डिसचा. मी शेजारी बसून बघेन. मग ठरवू."

"बघायचंय काय त्यात?" मी म्हटलं. पण ते कोट घालायला लागले होते.

डॅरिलचा रविवार आधी आला. त्याने नकाशा रंगीत छापून आणला होता, वर प्लॅस्टिकचं आवरण. रंगीत! ज्या नकाशावर सूत्रधाराने पेन्सिलने खाडाखोड करायची, तोच याने पुसता न येणारा करून आणला. आणि वाचायला कागदांची चळत. प्रत्येक खोलीत शिरलं की हा घसा खाकरणार आणि वाचणार: "तुमच्यासमोर एक भयाण दालन पसरलेलं आहे..." पहिल्या खोलीत एक मेलेला खाणमजूर होता. त्याच्या बुटाच्या नाड्यांपासून ते त्याच्या कुदळीच्या दांड्यावरच्या कोरीव नक्षीपर्यंत याने सगळं वाचलं. माइल्सने तोवर तळलेल्या चीजची अख्खी टोपली संपवली.

दुसरी खोली, तिसरी खोली. एक दार आत, एक दार बाहेर. आगगाडीच्या डब्यांतून चालल्यासारखं. तिसरीत बैलाएवढा, आठ पायांचा कोळी आडवा आला, तो अवघड गेला म्हणून मी म्हटलं, "दुसरी वाट आहे का?" तर डॅरिल म्हणतो, "नाही, पण कोळ्याला मारलं की पुढे जाता येतं!" आणि वर उत्साहाने मान हलवतो. म्हणजे कोळ्याने आम्हाला मारलं असतं तर याच्या चळतीतली पुढची पानं कचऱ्यात गेली असती. हा विचार याच्या मनाला शिवलाही नव्हता.

चौथ्या खोलीत मात्र डाव्या बाजूला दार होतं. माझे कान टवकारले. आम्ही गेलो. बोळ गेला, वळला, परत वळला, आणि उजव्या बाजूने पुन्हा चौथ्याच खोलीत आला. मधे काहीही नाही. ना खोली, ना फाटा, ना कुणी पहाऱ्यावर. "एका ठिकाणी भिंत ओली आहे," त्याने वाचलं, "आणि पलीकडे पाणी ठिबकल्याचा गूढ आवाज येतो." बस.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"लूप," तो म्हणाला. "ऑरिन नेहमी सांगतात ना, लूप हवेत."

मी ऑरिनकडे बघितलं. ते कॉफी ढवळत होते. ज्या वळशाने कुणाच्या मागे जाता येत नाही, काही टाळता येत नाही, तो वळसा नसतो. कुत्रं बसण्याआधी स्वतःभोवती फिरतं तसलं काहीतरी असतं ते. डॅरिलने शब्द ऐकला होता आणि त्याचं चित्र काढून आणलं होतं.

सहाव्या खोलीत सगळ्यावर कळस. खोलीला दुसरं दारच नाही. चर्च कुठे? पत्ता नाही. म्हणजे चोरदार. आणि तेही एकुलत्या एका वाटेवर! या खेळात यापेक्षा मूर्ख गोष्ट कागदावर उतरवता येत नाही. चोरदार सापडणं न सापडणं फाशांच्या हातात असतं. नाही सापडलं तर सगळ्यांनी काय करायचं? कोट घालून घरी जायचं?

आम्ही शोधलं. डॅरिलने नियमाचं पुस्तक उघडून सांगितलं की प्रत्येकाला एका भिंतीवर एकदाच शोधता येतं, आणि फाशावर एक पडला तरच सापडतं. तिघांनी चारही भिंती चाचपल्या. एक काही पडला नाही. पलीकडे कुणीतरी सगळ्या पिना पाडल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मग आता?" मी अगदी गोड आवाजात म्हटलं. "क्विगलीसाहेब, बटण कुठे आहे?"

डॅरिलचे कान लाल झाले. तो आपली चळत उलटीपालटी करत होता. पुढच्या पानावर चर्च होतं, ते मला त्याच्या बोटांवरूनच कळत होतं, आणि तिथे आम्हाला न्यायचं कसं ते कुठल्याच पानावर नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

रुथॅन आपल्या कागदाकडे बघत होती. "हा बोळ," तिने पेन्सिल टेकवली. "इथे भिंत ओली आहे म्हणालास ना? आणि चर्च बुडालेलं आहे."

"आणि पहिल्या खोलीत कुदळ आहे!" माइल्स ओरडला. "नक्षीच्या दांड्याची! खणू या की!"

डॅरिलने नकाशाकडे बघितलं. मग चळतीकडे. तिथे खणण्याबद्दल काही लिहिलेलं असणं शक्यच नव्हतं. मी वाटच बघत होते, आता हा म्हणणार की दगड फार कठीण आहे.

"खणता येईल," तो हळूच म्हणाला. मग जरा सावरून बसला. "वेळ लागेल. आणि आवाज होईल, म्हणजे मला मधूनमधून फासा टाकून बघावं लागेल, कुणी येतंय का. चालेल?"

चालेल काय! पुढचा तासभर नुसता दंगा. माइल्स खणतोय, मी बोळाच्या एका तोंडाला उभी, रुथॅन दुसऱ्या. दोन्ही बाजूंनी घुशी आल्या, कारण तो बिनकामाचा बोळ दोन्हीकडून उघडा होता. भिंत फुटली, पाणी आत आलं, आणि आम्ही चर्चमध्ये मागच्या बाजूने निघालो. तिथला राखणदार पुढच्या दाराकडे तोंड करून बसला होता, चोरदारातून येणाऱ्यांची वाट बघत. डॅरिलने चर्चच्या भव्य प्रवेशाचं पान न वाचताच चळतीच्या तळाशी घातलं. "त्याची पाठ तुमच्याकडे आहे," तो म्हणाला. माइल्सने खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकली. हॉलचा मालक दार उघडून बघून गेला.

घंटा आणली. सगळ्यांनी डॅरिलची पाठ थोपटली. मी नाही थोपटली. अपघात झाला की कुणी ड्रायव्हरचं अभिनंदन करत नाही.

माझा मजला मी डिसेंबरपासून काढत होते. बर्फाचा फेरा संपला की गॅरेजमध्ये हीटर लावून बसायचं. विहिरीच्या तळाशी पिंपांची खोली. तिथून एक बोळ पहारेकऱ्यांकडे, एक पाण्याच्या तळघराकडे. पहाऱ्यापलीकडे डुलतं दालन, दालनातून चर्च. तळघरातून जुन्या मोरीने पोहत गेलं तरी चर्च. पहारा आणि तळघर यांना जोडणारी एक फट, म्हणजे तिकडून इकडे मागे येता येईल. आणि तिसरी वाट: चर्चमधून पिंपं खाली सोडायची घसरगुंडी, जिचं तोंड पिंपांच्या खोलीत चोरदारामागे निघतं. एकदा घंटेपर्यंत पोचलात की परतीला सरळ खाली. आणि सुरुवातीलाच ते दार हुडकलंत तर सरळ वर. ऑरिनच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने काढावा तसा नकाशा होता. डॅरिलने दहा जन्म घेतले तरी त्याला तो काढता आला नसता.

डुलतं दालन माझा जीव होता. संपूर्ण फरशी एका आसावर तोललेली. सगळे एका बाजूला गेले की ती कलते, आणि रुळांवरचे दगडी घोडे गडगडत खाली येतात. कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवून पार व्हायचं. हे नुसतं सांगून समजणार नाही म्हणून मी त्याचं लाकडी मॉडेल केलं. खरा आस, खरे रूळ, घोडे अक्रोडाच्या लाकडाचे कोरलेले. माझ्या रविवारी ते टेबलावर शेजारी ठेवलं आणि वर भांडी पुसायचा टॉवेल घातला.

"त्याखाली काय आहे?" माइल्सने विचारलं.

"कळेल," मी म्हणाले. ऑरिन माझ्या बाजूला आडोशामागे बसले, नकाशा दिसेल असे.

ते विहिरीतून उतरले. पिंपांची खोली. मी मापं सांगितली, रुथॅनने काढली. मग ते बाहेरच्या बोळातून खोलीला वळसा घालून गेले, आणि अजून एकही राक्षस भेटला नव्हता तोच रुथॅन थांबली.

"थांबा रे जरा. बाहेरून ही खोली चार चौकटी आहे. आतून तीनच होती."

"म्हणजे?" डॅरिल म्हणाला. त्याला कुठून कळणार!

"म्हणजे एक चौकट गिळलीय कुणीतरी. उत्तरेच्या भिंतीत. परत चला, शोधू या."

माइल्सने फासा टाकला. एक.

माझ्या नकाशावर तिथे दार होतं. मीच काढलेलं, मीच मापात फट ठेवलेली, अशाच डोळस माणसाने ओळखावी म्हणून. त्यामागे घसरगुंडी, वर चर्च, घंटा. पाव तासात खेळ संपला असता. आणि टॉवेल टॉवेलच राहिला असता.

"दार आहे," मी म्हणाले. "पण बाहेरून उघडत नाही. पलीकडून कडी आहे."

"फटीतून सुरी घालून उचलतो," माइल्स म्हणाला.

"लोखंडी अडसर आहे. जड."

"कुदळ?" डॅरिलने विचारलं.

"दारही लोखंडी आहे."

"मग मंत्र टाकतो, कुलूप उघडण्याचा," तो म्हणाला. "एक आहे माझ्याकडे."

"मंत्र चालत नाही. दुसऱ्या मंत्राने बांधलेलं आहे ते."

रुथॅनने माझ्याकडे बघितलं. कागदावर तिने दार काढलं आणि त्यावर फुली मारली. मग ते तळघराकडे गेले. माइल्सला मोरीतून पोहायचं होतं. मी म्हटलं पाणी फार गार आहे. तो म्हणाला, तेल चोळून जातो. मी म्हटलं ओढ फार आहे, बुडशील. "बरं बाई," तो म्हणाला. पहारेकऱ्यांच्या मागे जायची फट त्यांनी शोधलीसुद्धा नाही. शेवटी तिघंही पहाऱ्याशी समोरून लढले, आणि पहारेकरी मेल्यावर डुलत्या दालनात गेले, कारण आता जायला दुसरीकडे कुठे नव्हतंच.

मी टॉवेल काढला. त्यांनी बघितलं. फरशी कलवून बघितली, घोडे घरंगळले. "छान केलंयस," रुथॅन म्हणाली. शाळेत एखाद्या पोराने चिकणमातीचा हत्ती-बित्ती काहीतरी करून आणल्यावर म्हणतात तसं. ते पार झाले, चर्चमध्ये पोचले, घंटा घेतली. मग माइल्स म्हणाला, "ती घसरगुंडी असेल ना इथे कुठेतरी? त्या दाराची. तो अडसर कसला होता बघू तरी."

मी नकाशाकडे बघितलं. तिथे अडसर नव्हता. नुसतं दार होतं, ढकललं की उघडणारं. शेजारी ऑरिन त्याच कागदाकडे बघत होते. दुपारभर बघत होते.

"असतो तसाच," मी म्हणाले. "लोखंडी."

माइल्सने खांदे उडवले. फासे गोळा केले आणि चेंडू टाकायला पलीकडे निघून गेला.

ऑरिननी मला गाडीपर्यंत सोबत दिली. त्यांच्या काठीला खालून बर्फासाठी खिळा लावलेला आहे, तो टकटक वाजत होता.

"डॅरिलला देतोय मी," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणाला?"

"डॅरिलला."

"त्याला? त्या गॅरेजवाल्याला? अहो, त्याने एक रेघ काढून आणली होती! चोरदार टाकलं तर एकुलत्या वाटेवर! त्या बोळाला तो लूप म्हणत होता, ऑरिन, लूप! माझा नकाशा बघितलात ना तुम्ही?"

"बघितला. सुंदर आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे." ते थांबले, दम घेतला. "घंटेपर्यंत किती वाटा होत्या त्यात?"

"तीन."

"आणि खेळात?"

मी खिशात गाडीची किल्ली शोधायला लागले.

"त्याच्या कागदावर एक होती," ऑरिन म्हणाले, "आणि टेबलावर दोन झाल्या. काढायचं मी त्याला शिकवेन जाण्याआधी. ते शिकवता येतं." आणि टकटक करत निघून गेले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्यांना हाकही मारली नाही. त्या रात्री फेऱ्यावर मी एका बंद गल्लीच्या तोंडाशी बर्फाचा इतका मोठा ढीग लावला की सकाळी तक्रार आली.

तीन रविवार मी गेले नाही. चौथ्याच्या आधी डॅरिल माझ्या दारात उभा, बूट झटकत. मी आत ये म्हटलं नाही.

"ऑरिन शिकवतात," तो म्हणाला, "पण माझ्या हाताला ते येत नाही गं. कितीही काढलं तरी रांगच होते. तू काढशील? मी चालवतो."

काय धिटाई बघा. माझ्याकडून हिसकावलेल्या खुर्चीवर बसण्यासाठी हा माझ्याचकडे गादी मागायला आला होता. मी त्याला सांगितलं, तू दारं विकतोस तेच बरं. तो म्हणाला, "हो, ते बरं जमतं," आणि तिथेच उभा राहिला. शेवटी मी आत जाऊन एक मजला आणून त्याच्या हातात कोंबला, कारण तो मी काढूनच ठेवला होता. विषय संपवायला दिला, एवढंच.

रविवारी मी गेले. खुर्ची कोपऱ्यातली घेतली, रुथॅनच्या शेजारी. ऑरिनही होते, त्यांचा जायच्या आधीचा शेवटचा रविवार. आडोशामागे डॅरिल. पुढ्यात माझा नकाशा, पेन्सिलने काढलेला, आणि त्याच्या हातात खोडरबर. निदान तेवढं शिकला होता. या मजल्याच्या मध्यावर मी एक पक्षीघर घातलं होतं. अंधारात राहणारे आंधळे पक्षी, आवाजावर झडप घालणारे, आणि छतापासून टांगलेल्या शेकडो घंटा. बोलायचं असेल तर खाणाखुणांनी. टेबलावरही. मला ठाऊक होतं की हे आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे.

माइल्सने खालच्या मजल्यावर उतरण्याआधीच धुराड्यात डोकं घातलं. "इथून वारा येतोय का?"

डॅरिलने नकाशा बघितला. धुराडं माझंच होतं. पक्षीघराला बगल देऊन थेट खाली जाणारी जवळची वाट. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. काजळी आहे, फार अरुंद आहे, मधे जाळी आहे. सगळं ओठांवर आलं होतं. ऑरिन कॉफी ढवळायचे थांबले.

मी तोंड मिटलं.

"येतोय," डॅरिल म्हणाला. "गार वारा. उतरता येईल, दोरी असेल तर."

ते उतरले. खाली पोचले, हवं ते घेतलं, धुराड्यानेच परत वर आले. डॅरिलने पक्षीघराचं पान उघडलंसुद्धा नाही. महिनाभर खपून केलेली खोली, आणि कुणी तिच्या दारापर्यंतही गेलं नाही. रुथॅन नकाशा पुरा करत होती. मधोमध मोठा कोरा चौकोन उरला होता, चारी बाजूंनी बोळ.

"इथे काय आहे?" तिने पेन्सिलने तो चौकोन ठोकला. "एवढी मोठी जागा. रिकामी नसणार."

माइल्स पुढे वाकला. "आयला, हो की. डॅरिल, काय आहे तिथे?"

"मी काढलेलं नाही," डॅरिल म्हणाला. "तिला विचार."

सगळेच माझ्याकडे बघायला लागले. माइल्सचा तळलेल्या चीजचा हात तसाच हवेत. माझ्या मॉडेलकडेसुद्धा असं कुणी बघितलं नव्हतं.

"मी कशाला सांगू?" मी म्हणाले. "पुढच्या रविवारी जाऊन बघा की."

"जाणारच," माइल्स म्हणाला. रुथॅनने कोऱ्या चौकोनात एक प्रश्नचिन्ह काढलं आणि दोनदा गिरवलं. डॅरिल पुढचा फासा टाकायला निघाला आणि त्याचा इस्त्रीचा कोपर लागून आडोसा पडला. मी तो उभा करून दिला, पण आत बघितलं नाही.